उघड्या टोकाचा दात : प्रस्तावना

मुलाचा दुधाचा दात पडून त्याच्या जागी पक्का दात डोकावू लागला, की घरातील वडीलधारी मंडळी ‘दात आला’ असे म्हणून त्या प्रकरणावर पडदा टाकतात; परंतु वरच्या जबड्यातील पटाशीचा जो दात सातव्या-आठव्या वर्षी हिरडीबाहेर येतो, त्याचा तोंडात दिसणारा भाग तेवढा पुरा झालेला असतो, आणि हाडात दडलेले मूळ त्या वेळी दोन-तृतीयांशाच्या आसपासच बांधून झालेले असते. उरलेले बांधकाम पुरे व्हायला आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. या मुदतीत मुळाच्या भिंती पातळ असतात, आतली पोकळी ऐसपैस असते, आणि मुळाचे जे टोक प्रौढ माणसात सुईच्या अग्राइतके बारीक होऊन बसते ते सनईच्या तोंडासारखे उघडे असते. दुर्दैवाचा योग असा की, सायकल शिकण्याचे, झाडावर चढण्याचे आणि शाळेच्या पायऱ्या तीन-तीन करून उतरण्याचे वयही नेमके हेच.

पडल्यावर दात मोडला नाही, नुसता हलला किंवा आत सरकला, तर घरच्यांना हायसे वाटते. परंतु मुळाच्या टोकातून आत शिरणाऱ्या रक्तवाहिन्या त्या धक्क्यात तुटल्या असतील, तर आतली दंतमज्जा, जिला व्यवहारात आपण दाताची नस म्हणतो, ती मरते. मुळाच्या आतल्या भिंतीवर थरावर थर चढवणाऱ्या पेशी त्या मज्जेतच असतात. त्यामुळे मज्जा मेली की भिंत जेवढी जाड झाली असेल तेवढीच राहते आणि मुळाची वाढ थांबते. प्रौढाच्या दातात अशा वेळी रूट कॅनल करून गटापर्चा भरला की काम भागते, कारण मुळाच्या टोकाशी नैसर्गिक आकुंचन असते आणि भरलेला पदार्थ तेथे अडतो. उघड्या टोकाच्या दातात अडायला काहीच नसते, आणि कानशीसारख्या फाइलने भिंती खरवडाव्या तर त्या आधीच पातळ असतात. या एका अडचणीवर गेल्या साठ वर्षांत जे तीन निरनिराळे तोडगे निघाले, त्यांची हकीकत आणि त्यांचा आजचा व्यवहार हा या पुस्तकाचा विषय आहे.

तोडग्यांकडे वळण्यापूर्वी, मज्जा खरोखर मेली आहे की नाही या प्रश्नापाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण माझ्या पाहण्यात या क्षेत्रातील अधिक चुका उपचारात होत नाहीत, निदानात होतात. उघडे टोक हा एका अर्थी दाताचा जामीनदारही असतो. त्या रुंद तोंडातून तुटलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा आत शिरू शकतात, आणि मेली असे वाटलेली मज्जा काही आठवड्यांत सावरते. कोवळ्या दातात मज्जातंतूंचे जाळे पुरते विणलेले नसल्याने निरोगी दातही थंड बोळ्याच्या चाचणीला कधी कधी उत्तर देत नाही, आणि मार बसलेला दात तीन-तीन महिने मुका राहू शकतो. म्हणून केवळ चाचणीला उत्तर नाही, एवढ्या एका पुराव्यावर नस काढण्याचा हुकूम देऊ नये. दुसरा पुरावा हवा. तो हिरडीवरील पुवाच्या फोडाच्या रूपाने मिळतो, किंवा क्ष-किरणचित्रात टोकाभोवती पडलेल्या काळ्या छायेच्या रूपाने मिळतो, आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे शेजारचा जुळा दात: त्याचे मूळ पुढे वाढले आणि याचे होते तेथेच राहिले, तर शंकेला जागा उरत नाही. अर्थात वाट पाहणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. जंतुसंसर्ग झाल्यावर कोवळ्या मुळाची बाहेरून झीज सुरू झाली तर ती काही आठवड्यांत मूळ खाऊन टाकते. म्हणून आत-बाहेर सरकलेला दात दुसऱ्या, चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्यात, आणि पुढे सहा महिन्यांनी व वर्षाने पाहावा असा प्रघात पडला आहे.

हा प्रघात न पाळल्यामुळे काय होते, ते एका मुलीच्या हकीकतीवरून सांगतो. तिचे वय तेव्हा आठ वर्षे चार महिने होते. सायकलवरून पडून तिचा वरचा डावीकडचा मधला दात टाळूच्या दिशेने कलला होता. गावातील दंतवैद्याने तो त्याच दिवशी जागेवर आणून चार आठवडे तारेने शेजारच्या दातांना बांधून ठेवला होता, आणि ते काम निर्दोष झाले होते. तार काढल्यावर पुन्हा दाखवायला यायचे असते, हे मात्र कुणी सांगितले नाही, किंवा सांगितले ते कुणाच्या ध्यानात राहिले नाही. साडेतीन महिन्यांनी हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फोड आला, तो फुटला, पुन्हा भरला, तेव्हा आई तिला घेऊन माझ्याकडे आली. दुखत काहीच नव्हते. फोडाच्या तोंडातून गटापर्चाची बारीक कांडी हलकेच आत सरकवून मी क्ष-किरणचित्र घेतले, तेव्हा कांडीचे टोक थेट त्याच दाताच्या मुळाशी जाऊन थांबलेले दिसले. शेजारचे मूळ लांब व निमुळते होत चालले होते. याचे मूळ दोन-तृतीयांशावर थबकलेले, टोक सताड उघडे, आणि भोवती काळी छाया.

हीच मुलगी १९७० साली आली असती, तर तिच्या दातात चुना भरला गेला असता. हे मी अलंकाराने म्हणत नाही. विड्याच्या पानाला लावतो तो भिजवलेला चुना म्हणजेच कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि ते दंतवैद्यकात हेरमान यांनी १९२० साली आणले. १९६४ साली कायझर यांनी आणि १९६६ साली अमेरिकेतील अल्फ्रेड फ्रँक यांनी असे दाखवले की, पोकळी स्वच्छ करून तीत हा क्षार भरला आणि दर तीन महिन्यांनी तो बदलत राहिले, तर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात उघड्या टोकाशी कठीण पदार्थाचा एक पडदा तयार होतो. मग त्या पडद्याच्या आधाराने नेहमीचे रूट कॅनल पुरे करता येते. यालाच अपेक्सिफिकेशन हे नाव पडले. या पद्धतीने असंख्य मुलांचे दात वाचवले, फोड बरे केले, हाड भरून आणले, आणि सुमारे तीन दशके तिच्याविरुद्ध कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार पुढे आली ती दात बरे झाल्यानंतर. स्टॉकहोमचे मिओमीर स्वेक यांनी या पद्धतीने उपचार झालेल्या पटाशीच्या दातांचा मोठा संच वर्षानुवर्षे तपासून १९९२ साली जे प्रसिद्ध केले, त्यात पुढे हिरडीलगत मोडलेल्या दातांचे प्रमाण मुळाची वाढ सर्वांत कमी झालेल्या गटात शेकडा ७७ आणि सर्वांत अधिक झालेल्या गटात शेकडा २८ असे निघाले. म्हणजे जंतू हरले होते, हाड भरले होते, आणि तरीही पेरू चावताना किंवा मित्राचे कोपर लागताना दात हिरडीपाशी तुटत होता, कारण त्याची भिंत आठव्या वर्षाचीच राहिली होती. दहा वर्षांनी, २००२ साली, कोपनहेगनच्या आंद्रेआसेन यांनी मेंढीच्या दातांवर प्रयोग करून दाखवले की, दीर्घकाळ आत ठेवलेला हा क्षार स्वतःच भिंतीची ताकद घटवतो. सुमारे वर्षभरात ती निम्म्यावर येते. टोकाचे भोक हा प्रश्न आहे असे धरून ज्या विद्येने वाटचाल केली, तिला तीस वर्षांनी कळले की दाताचे मरण भोकात नसून भिंतीत आहे. या पुस्तकाचे सारे लक्ष त्यामुळे भिंतीकडे आहे, आणि वाचकानेही पुढील प्रत्येक पद्धतीला तोच एक प्रश्न विचारावा अशी माझी विनंती आहे.

दुसरा तोडगा कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठातून आला. महमूद तोराबिनेजाद यांनी १९९३ साली मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट, संक्षेपाने एमटीए, हा पदार्थ पुढे मांडला. तो मूलतः बांधकामाचे पोर्टलँड सिमेंट असून क्ष-किरणचित्रात दिसावा म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळलेले असते. (चुना झाला, सिमेंट झाले, दंतवैद्याने गवंड्याच्या घमेल्यातून दोनदा उसनवारी केली आणि दोन्ही वेळा ती फळली, याची नोंद करण्याचा मोह आवरत नाही.) हे सिमेंट ओलाव्यात घट्ट होते आणि भोवतालच्या ऊतकांना सोसवते, म्हणून पडदा तयार होण्याची वर्ष-दीड वर्ष वाट न पाहता, उघड्या टोकाशी चार-पाच मिलिमीटर जाडीचे बूच एकाच बैठकीत बसवता येते, आणि त्यावरील पोकळी दातरंगी रेझिनने हिरडीच्या पातळीखालपर्यंत भरून मानेपाशी दाताला आतून थोडा टेकू देता येतो. चुन्याचा दीर्घ मुक्काम टळला, मुलाच्या खेपा वाचल्या. परंतु भिंत या पद्धतीतही वाढत नाही. टेकू मिळतो, वाढ मिळत नाही.

तिसऱ्या तोडग्याचे बीज तसे जुने आहे. नॉर्वेचे बिर्गर नीगार्ड-ओस्टबी यांनी १९६१ सालीच पोकळीत मुद्दाम रक्त उतरवून त्या गुठळीत काय उगवते ते पाहिले होते, आणि टोकाकडून जोड-ऊतक आत शिरत असल्याचे नोंदवले होते. ते तेव्हा मागे पडले. पुढे १९९६ साली जपानच्या होशिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्रतिजैविकांचे मिश्रण दाताच्या आतील जंतूंवर प्रभावी ठरते असे दाखवले. २००१ साली इवाया यांनी, आणि २००४ साली बँक्स व ट्रोप यांनी, पू झालेल्या कोवळ्या दातात फाइल न फिरवता केवळ औषधांनी निर्जंतुक करून मुळाची वाढ पुन्हा सुरू झाल्याची क्ष-किरणचित्रे छापली, आणि ती चित्रे पाहून आम्हा सर्वांच्या भुवया उंचावल्या. भिंत जाड झाली होती, टोक मिटले होते. २००६ साली मुळाच्या टोकाशी असलेल्या मऊ गादीसारख्या ऊतकात मूलपेशी सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि या पद्धतीला रीजनरेटिव्ह एंडोडॉन्टिक्स, म्हणजे पुनर्जननाची विद्या, असे भारदस्त नाव मिळाले.

मात्र त्या चित्रांतील दात कोणते होते, हे बारकाईने पाहण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही. ते दोन्ही दात खालच्या उपदाढा होत्या, आणि त्यांना मार बसलेला नव्हता. चावण्याच्या पृष्ठावर जन्मतः असलेला टोकदार उंचवटा घासून वा मोडून जंतू वरून आत शिरले होते. अशा दातात संसर्ग वरून खाली उतरतो आणि तळाची ती मऊ गादी पुष्कळदा जिवंत राहते. आपल्या मुलीच्या दातात गोष्ट उलटी होती: घाव तळाशीच बसला होता. जी गादी नव्या पेशी पुरवणार आणि मुळाला आकार देणारे हर्टविगचे जे आवरण ते मूळ पुढे रेखणार, ती दोन्हीही हा दात कलताना चिरडली गेली असण्याचा संभव होता. मार बसलेल्या दातात या पद्धतीने फोड व छाया नाहीशी होणे नेहमीचे, पण मुळाची वाढ अनिश्चित, हे जे आज अनुभवाला येते त्याचे कारण बहुधा येथे आहे; आणि मूळ उपदाढांची चित्रे दाखवून पटाशीच्या दाताच्या आईबापांना आशा लावणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मग त्या मुलीसाठी मी तीच पद्धत का निवडली? भिंत इतकी पातळ होती की सिमेंटचे बूच बसवूनही मानेपाशी दात मोडण्याची धास्ती राहणार होती. आणि पुनर्जनन फसले तर बुचाचा मार्ग पुढेही मोकळा राहतो, उलट बूच बसवल्यावर मागे फिरता येत नाही. हे सारे आईला मराठीत, दोन्ही दातांची चित्रे शेजारी ठेवून सांगितले, आणि मगच संमती घेतली.

पहिल्या बैठकीत रबर डॅम लावून दात उघडला. आत फाइल फिरवली नाही. बाजूस छिद्र असलेली सुई टोकाच्या अलीकडे ठेवून दीड टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे वीस मिलिलिटर द्रावण पाच मिनिटांत सावकाश वाहू दिले, आणि मागाहून सलाइनने धुतले. येथे घाई केली, किंवा सुई भिंतींत अडकू दिली, तर उघड्या टोकातून द्रावण हाडात घुसते. मूल किंचाळते, गाल पाहता पाहता सुजतो आणि आतून रक्त वाहू लागते. द्रावण याहून कडक असेल तर ज्या पेशींच्या भरवशावर हा डाव मांडायचा त्याच मरतात. नंतर कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून दात तीन आठवडे बंद ठेवला. जपानी त्रि-औषधी लेप मी मुद्दाम टाळला, कारण त्यातील मिनोसायक्लिनमुळे दात राखाडी पडतो, आणि आठ वर्षांच्या मुलीचा समोरचा दात राखाडी करणे हा उपचार नव्हे.

तीन आठवड्यांनी फोड मिटला होता. तो मिटला नसता तर पुढे जाण्याची परवानगी नव्हती. औषध पुन्हा भरून वाट पाहावी लागली असती. या बैठकीत भूल दिली ती अ‍ॅड्रेनलिनविरहित, कारण अ‍ॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि येथे तर रक्त हवे होते. क्षार धुऊन काढून सतरा टक्के ईडीटीएच्या द्रावणाने पोकळी भिजवली; त्याने भिंतीचा पृष्ठभाग किंचित विरघळून त्यात कोंडलेले वाढीस प्रेरक घटक मोकळे होतात. मग टोकाशी वाकवलेली फाइल मुळाच्या पुढे दोन मिलिमीटर नेऊन ऊतक हलकेच डिवचले. रक्त आले नाही. ही अडचण मार बसलेल्या दातात वारंवार येते, आणि ग्रंथांतील सुबक आकृत्यांत ती दिसत नाही. पाच मिनिटे थांबून पुन्हा डिवचले, तेव्हा गडद रक्त हळूहळू वर चढले. हिरडीच्या पातळीखाली तीन-चार मिलिमीटरवर ते थोपवून पंधरा मिनिटांत गुठळी धरू दिली, तिच्यावर कोलॅजनचा छोटा तुकडा ठेवला, त्यावर सुमारे तीन मिलिमीटर कॅल्शियम सिलिकेट सिमेंट बसवले. सिमेंट निवडले ते बिस्मथविरहित, कारण बिस्मथानेही दात काळवंडतो. वरून दात पक्का बंद केला. दुसऱ्यांदाही रक्त आले नसते, तर त्याच बैठकीत मी सिमेंटचे बूच बसवले असते. तशी तयारी ट्रेमध्ये मांडून ठेवलेली असावी.

सहा महिन्यांनी काळी छाया आक्रसली, वर्षाने नाहीशी झाली. दोन वर्षांनी टोक अरुंद झालेले दिसले आणि मुळाच्या मधल्या भागात भिंत थोडी जाडावल्यासारखी दिसली. मूळ लांब मात्र झाले नाही, आणि थंड बोळ्याला दात आजही उत्तर देत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्सने या उपचाराची तीन उद्दिष्टे क्रमाने सांगितली आहेत: पहिले संसर्ग जाऊन हाड भरणे, दुसरे भिंतीची वा मुळाची वाढ, तिसरे संवेदना परतणे. या हिशेबाने मुलीला पहिले पुरते मिळाले, दुसरे अर्धे, तिसरे नाही. दुसरे अर्धे म्हणतानाही मी जपून बोलतो. क्ष-किरणनळीचा कोन थोडा बदलला की तेच मूळ लांब किंवा आखूड दिसते, भिंत जाड किंवा पातळ दिसते; दोन निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या कोनांतून घेतलेली चित्रे शेजारी ठेवून ‘वाढ झाली’ असा दाखला देणाऱ्या लेखांची संख्या लहान नाही. आणि जी वाढ खरी असते तीही बहुधा दंतिनाची नसते. कुत्र्यांच्या दातांवर झालेल्या अभ्यासांत भिंतीला चढलेला थर सिमेंटमसारखा वा हाडासारखा आढळला. मज्जा परतली नाही, शेजारचे ऊतक आत येऊन राहिले. म्हणून ‘पुनर्जनन’ हे नाव मी या पुस्तकात केवळ रूढ झाले म्हणून वापरतो. वस्तुस्थिती बरीचशी दुरुस्तीची आहे. असा थर दाताला मोडण्यापासून कितपत वाचवतो, याचा निकाल स्वेक यांच्यासारख्या दीर्घ मुदतीच्या तपासणीनेच लागणार आहे.

हे पुस्तक तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्यासाठी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी लिहिले आहे. जिज्ञासू पालकाला निदानाची प्रकरणे वाचता येतील, पुढची त्याने डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवावीत. तिन्ही पद्धतींना मी सारखी पाने दिलेली नाहीत. चुन्याच्या जुन्या पद्धतीवर एकच प्रकरण आहे, पण ते वगळलेले नाही, कारण संसर्ग हटत नसेल तेव्हा किंवा दातात सिमेंट बसवण्याची सोय नसेल तेव्हा तिचा अल्पकाळ आश्रय आजही घ्यावा लागतो. मुळाची वाढ कोणत्या पायरीवर थांबली यावरून पद्धत कशी निवडावी, याला सर्वांत अधिक जागा दिली आहे. मूळ जवळजवळ पुरे झालेल्या अकरा वर्षांच्या मुलात मी बहुतेक वेळा सिमेंटचेच बूच सुचवतो, आणि त्याची कारणे तेथे आहेत. फसलेल्या उपचारांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे: चार वर्षांनी पुन्हा पू झालेला दात, पोकळी पार बुजून गेलेला दात, आणि रक्त न आल्याने जिथे हट्टाने पुढे गेलो तो एक दात. मुळातून निखळून पडलेल्या आणि परत बसवलेल्या दातांचा प्रश्न या ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे, कारण तेथे मज्जेआधी मुळाभोवतीच्या पडद्याचा निकाल लागतो.

त्या मुलीची पाच क्ष-किरणचित्रे अखेरच्या परिशिष्टात तारखेच्या क्रमाने एकाखाली एक लावली आहेत. तिसरे चित्र घेताना नळीचा कोन माझ्याकडून थोडा चुकला होता, आणि त्यात मूळ इतर चारांपेक्षा लांब दिसते. ते काढून टाकलेले नाही, आणि पाचांपैकी एकाखालीही मापे छापलेली नाहीत. वाचकाने पट्टी घेऊन ती स्वतः काढावीत, आणि मग शेवटचे पान उलटून माझी मापे पाहावीत.